सलाइनचा हिशेब: अजमास की हुकूम?

बालरुग्णांच्या कक्षात नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक डॉक्टरास पहिल्या आठवड्यातच जो एक नियम मुखोद्गत होतो, तो असा: मुलाच्या वजनातील पहिल्या १० किलोंपैकी प्रत्येक किलोस ताशी ४ मिलिलिटर, त्यापुढील १० किलोंपैकी प्रत्येक किलोस ताशी २ मिलिलिटर, आणि २० किलोंच्या वरील प्रत्येक किलोस ताशी १ मिलिलिटर, या प्रमाणाने येणारी बेरीज म्हणजे तोंडाने काहीही न घेऊ शकणाऱ्या त्या मुलास शिरेवाटे द्यावयाचे निर्वाहाचे पाणी, ज्यास दवाखान्याच्या रोजच्या बोलीत ‘मेंटेनन्स’ म्हणतात. हा नियम इतका सुटसुटीत आहे, की त्याने दिलेला आकडा उपचारपत्रकावर एकदा लिहिला गेला म्हणजे त्यास आपोआपच हुकमाचे स्वरूप प्राप्त होते. परिचारिका त्याप्रमाणे थेंब लावते, रात्रपाळीचा डॉक्टर तो जसाच्या तसा पुढे चालू ठेवतो, आणि ज्याच्यासाठी तो आकडा काढला त्या मुलाची अवस्था दरम्यान पालटली किंवा काय, हा प्रश्न मागे पडतो. माझे प्रतिपादन असे, की हा नियम मुलाची गरज सांगत नाही. एका विवक्षित, निकोप शरीरव्यापाराच्या मुलास पाणी किती लागेल याचा तो अजमास सांगतो. उपचाराचा आरंभ करण्यास तो उत्तम आहे, परंतु उपचार पुढे चालविण्याचा अधिकार त्यास नाही.

हे प्रतिपादन समजण्यासाठी हा नियम कोठून आला ते पाहणे अगत्याचे आहे. १९५७ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यक शाखेतील माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या दोन बालरोगतज्ज्ञांनी ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी पाण्याची गरज थेट वजनावरून काढलीच नव्हती. शरीरात जितकी ऊर्जा खर्ची पडते, तितक्या प्रमाणात उष्णता व टाकाऊ द्रव्ये निर्माण होतात, आणि ही उष्णता व ही द्रव्ये बाहेर टाकण्यासाठीच मुख्यतः पाणी लागते. तेव्हा पाण्याचा खरा संबंध ऊर्जेशी आहे, हा त्यांचा मूळ विचार होता. १०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली असता त्वचा व फुप्फुसे यांवाटे, आपल्याला न जाणवता, सुमारे ५० मिलिलिटर पाणी जाते. अन्नद्रव्यांच्या ज्वलनातून सुमारे १७ मिलिलिटर पाणी शरीरातच तयार होते. आणि मूत्रपिंडांस मूत्र फार दाट अथवा फार पातळ करण्याचे श्रम न पडता टाकाऊ द्रव्ये बाहेर काढावयाची असतील, तर सुमारे ६७ मिलिलिटर मूत्र होऊ द्यावे लागते. या तीन बाबींची वजाबाकी-बेरीज केली म्हणजे १०० किलोकॅलरीस १०० मिलिलिटर, अर्थात एका किलोकॅलरीस एक मिलिलिटर, असे अत्यंत सोयीचे प्रमाण हाती येते.

आता उरला तो ऊर्जेचा प्रश्न. आणि येथेच वजनाचा प्रवेश होतो. लहान शरीर आपल्या वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा खर्च करते, मोठे शरीर कमी. आणि हा उतार एका वक्ररेषेचा असल्यामुळे एकच गुणक सर्वांस लागू पडत नाही. पूर्वी यासाठी शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढीत, परंतु त्यासाठी उंचीचे माप आणि तक्ता जवळ असावा लागे. हॉलिडे व सेगर यांनी निजून विश्रांती घेणारे मूल आणि नेहमीप्रमाणे हिंडणारे-फिरणारे मूल या दोहोंच्या दरम्यान, खाटेवर असलेल्या रुग्ण-मुलाचा ऊर्जाव्यय कोठे पडेल याचा अंदाज बांधला, आणि त्या वक्ररेषेच्या जागी तीन सरळ रेषा बसविल्या: १० किलोंपर्यंत दर किलोस दिवसाकाठी १०० किलोकॅलरी, १० ते २० किलोंच्या दरम्यान वरच्या प्रत्येक किलोस ५०, आणि त्यापुढे प्रत्येक किलोस २०. ज्यास आपण वजनाचे गट म्हणतो, ते गट निसर्गात नाहीत. ते एका वक्ररेषेचे गणितसुलभ तुकडे आहेत. दहाव्या किलोवर मुलाच्या देहात काही पालट होतो असे नव्हे, तर तेथे हिशेबनिसाने आपली पट्टी वळविली आहे, इतकेच.

दिवसाचे १००, ५० आणि २० या आकड्यांस २४ ने भागले असता सुमारे ४.२, २.१ आणि ०.८ येतात, त्यांचे पूर्णांक केले की ताशी नियमाचे ४, २ आणि १ तयार होतात. या पूर्णांकीकरणामुळे दोन पद्धतींत थोडी तफावत पडते: १० किलोंच्या मुलास दैनिक नियमाने १००० मिलिलिटर आणि ताशी नियमाने ९६० मिलिलिटर मिळतात, तर ७० किलोंच्या किशोरास तेच आकडे २५०० आणि २६४० असे येतात. पहिल्या दोन गटांत ताशी नियम किंचित कृपण आणि तिसऱ्यात किंचित उदार आहे. ज्या अंदाजाची पायाभूत सामग्रीच स्थूल आहे, त्यात चाळीस मिलिलिटरांच्या फरकावरून वाद घालणे व्यर्थ होय; मात्र मोठ्या देहाच्या मुलांत हा उदारपणा वाढत जातो म्हणून ताशी सुमारे १०० मिलिलिटरांच्या वर, प्रौढ माणसाच्या प्रमाणापलीकडे, सहसा जाऊ नये, हा संकेत पाळावा.

हिशेबाचे उदाहरण म्हणून आपण सात वर्षांचा, २२ किलो वजनाचा एक मुलगा घेऊ. पहिल्या १० किलोंचे ४०, पुढील १० किलोंचे २०, आणि उरलेल्या २ किलोंचे २, मिळून ताशी ६२ मिलिलिटर. २० किलोंच्या वर वजन गेले की ‘वजन अधिक चाळीस’ एवढाच हिशेब उरतो, कारण पहिल्या दोन गटांची ६० ही बेरीज ठरलेलीच असते. या ठिकाणी होणारी सर्वसाधारण चूक म्हणजे गटांची बेरीज न करता मूल ज्या गटात मोडते त्या गटाचा गुणक संपूर्ण वजनास लावणे. असे केले असता या मुलास ताशी २२ मिलिलिटर, आणि १५ किलोंच्या त्याच्या धाकट्या भावास ३० मिलिलिटर मिळतील. म्हणजे मोठ्या मुलास धाकट्यापेक्षा कमी, आणि धाकट्यास १० किलोंच्या तान्ह्यापेक्षाही कमी! अधिक वजनाच्या मुलाचा आकडा कमी वजनाच्या मुलाच्या आकड्यापेक्षा कधीही लहान येता कामा नये, ही एकच पडताळणी केली तरी ही चूक तत्काळ उघडकीस येते.

वजनाच्या चुकीचे मूल्यही सर्व गटांत सारखे नसते, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात येत नाही. सात वर्षांच्या मुलाचे वजन काटा नसेल तेव्हा वयावरून काढण्याची जी रीत आपल्या पाठ्यपुस्तकांत दिलेली आहे, तिच्याप्रमाणे वयाची सातपट करून, त्यातून पाच वजा करून, उरलेल्याचे अर्ध घेतले म्हणजे २२ किलो येतात. परंतु आदिवासी पाड्यावरून आलेल्या कृश मुलाचे वजन प्रत्यक्षात १७ किलोच भरणे अगदी संभवनीय आहे, आणि तसे असेल तर ताशी आकडा ६२ नव्हे, ५४ होतो. मोठ्या मुलात एका किलोची चूक दिवसाकाठी २४ मिलिलिटरांची. दहा किलोंच्या आतील बाळात मात्र तीच चूक ९६ मिलिलिटरांची, आणि तीही अशा देहात की ज्यात साठवणीस जागा सर्वांत कमी. तेव्हा जेथे काटा सर्वांत काटेकोर हवा, ते ठिकाण म्हणजे तान्ह्या मुलांची खाट होय.

आकडा अचूक निघाला तरी तो थेंबांत उतरविताना पुन्हा एक सांधा येतो. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप संचात एका मिलिलिटरास ६० थेंब पडतात, त्यामुळे ताशी ६२ मिलिलिटर म्हणजे मिनिटास ६२ थेंब, असा सरळ मेळ बसतो. आपल्याकडील साध्या संचात मात्र एका मिलिलिटरास साधारणतः २० थेंबच होतात, म्हणून त्यातून तेवढेच पाणी देण्यास मिनिटास सुमारे २१ थेंब लावावे लागतात. मायक्रोड्रिप संपला म्हणून साधा संच जोडला आणि थेंब मात्र पूर्वीप्रमाणे ६२ च ठेवले, तर मुलास ताशी १८६ मिलिलिटर जाऊ लागते, आणि एका पाळीच्या आठ तासांत पूर्ण दिवसाचा वाटा संपतो. ज्या कक्षात सलाइन-पंप नाहीत, तेथे शंभर मिलिलिटरांचे मोजपात्र असलेला ब्युरेट-संच वापरून एका वेळी एक-दोन तासांपुरतेच द्रव त्यात भरावे, म्हणजे थेंब चुकले तरी अपाय मर्यादित राहतो.

इथवर जे सांगितले ते अजमास नीट कसा करावा याविषयी झाले. परंतु अजमास निर्दोष असूनही मुलास अपाय होऊ शकतो, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. १९५७ च्या निबंधात पाण्याबरोबर किती क्षार द्यावेत याचेही प्रमाण होते: १०० किलोकॅलरीमागे ३ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आणि २ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, आणि हे प्रमाण आईच्या व गाईच्या दुधात बालकास जे क्षार मिळतात त्यांच्या विचाराने ठरविलेले होते. यामुळे निर्वाहाच्या द्रवात दर लिटरास सुमारे ३० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असावे अशी परंपरा पडली. आपल्याकडे वर्षानुवर्षे बालरुग्णांस लावले गेलेले, आणि ‘आयसोलाइट-पी’ या नावाने ओळखले जाणारे द्रव याच परंपरेतील असून त्यात लिटरास सुमारे २५ सोडियम आणि २० पोटॅशियम असते. रक्तद्रवात सोडियम १४० च्या आसपास, तर साध्या ०.९ टक्के सलाइनमध्ये १५४ असते. दूध पिणाऱ्या निरोगी बाळाचे मूत्रपिंड जास्तीचे पाणी सहज फेकून देते, म्हणून त्या बाळास इतके पातळ द्रव पचते. परंतु सलाइन निरोगी बाळास लावीत नाहीत.

आजारी मूल आणि निरोगी मूल यांतील निर्णायक भेद हा, की वेदना, मळमळ, शस्त्रक्रियेचा आघात, न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि अफूवर्गीय वेदनाशामके, यांपैकी प्रत्येक कारणाने मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी मूत्ररोधक संप्रेरक रक्तात सोडते, आणि मग शरीरात पाणी विपुल असले तरी मूत्रपिंड ते बाहेर जाऊ देत नाही. नियमाने गृहीत धरलेली ६७ मिलिलिटर सहज मूत्राची बाब येथे रद्द होते. खर्चाचे कलम बंद पडते, आणि जमेचे कलम मात्र पूर्वीच्याच हुकमाने चालू राहते.

आता आपल्या २२ किलोंच्या मुलाकडे परत येऊ. समजा, त्याचे आंत्रपुच्छ काढले आहे, सोडियम १३८ आहे, आणि त्यास आयसोलाइट-पी ताशी ६२ मिलिलिटर, म्हणजे दिवसास जवळजवळ दीड लिटर, चालू आहे. या द्रवात क्षार कमी असल्यामुळे त्या दीड लिटरांपैकी सुमारे एक लिटर हे क्षारांच्या दृष्टीने निव्वळ पाणीच ठरते. त्वचा व फुप्फुसांवाटे जाणारे आणि शरीरात निर्माण होणारे पाणी यांची वजावट केली तर अर्ध्या लिटराइतके बाहेर जाईल. संप्रेरकामुळे दाट झालेल्या मूत्रातून असे निव्वळ पाणी जवळपास काहीच जात नाही. तेव्हा अर्धा लिटर आत शिल्लक राहते. मुलाच्या देहातील एकूण पाणी वजनाच्या सुमारे साठ टक्के, म्हणजे साधारण १३ लिटर; त्यात हे अर्धा लिटर मिसळले की सोडियम पहिल्या दिवसाअखेर १३३ च्या जवळ, आणि हाच क्रम चालू ठेवला तर दुसऱ्या दिवसाअखेर १२८ च्या जवळ येऊन ठेपते. मूत्रात क्षार फार दाट होऊन जात असतील, तर याहूनही खाली. येथे कोणाचाही गुणाकार चुकलेला नाही. चुकले ते हे, की निकोप मूत्रपिंडाच्या मुलासाठी केलेला अजमास संप्रेरकाने जखडलेल्या मुलावर हुकूम म्हणून बजावला गेला.

पाणी असे साचत गेले म्हणजे ते मेंदूच्या पेशींत शिरते, आणि मुलांचा मेंदू कवटीच्या मानाने मोठा असल्यामुळे त्यास फुगण्यास जागा थोडी असते. प्रथम डोकेदुखी, उलटी आणि सुस्ती येते. शस्त्रक्रियेनंतर ही लक्षणे स्वाभाविक मानली जात असल्यामुळे त्यांकडे दुर्लक्ष होते, आणि एकदम झटके येऊन श्वास थांबण्याची वेळ येते. झटका आल्यावर केवळ सलाइन कमी करून भागत नाही; ३ टक्के सलाइन, दर किलोस २ मिलिलिटर या प्रमाणात, म्हणजे या मुलास सुमारे ४४ मिलिलिटर, दहा-पंधरा मिनिटांत द्यावे लागते. परंतु तोवर थांबण्याचे कारण नसते, कारण खूण आधीच उमटलेली असते: मूल उपाशी असूनही त्याचे वजन दुसऱ्या सकाळी अर्ध्या किलोने वाढलेले असते. उपाशी मुलाचे वजन वाढणे याचा पाणी साचणे याव्यतिरिक्त दुसरा अर्थ होऊ शकत नाही.

वैद्यकविश्वास हे कळण्यास फार काळ लागला. १९९२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पूर्वी निरोगी असलेल्या १६ मुलांची दुर्दैवी कैफियत मांडली, २००३ मध्ये मॉरिट्झ आणि आयुस यांनी निर्वाहासाठीही रक्ताइतक्याच सोडियमचे द्रव वापरावे असा आग्रह धरला, २००७ मध्ये ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने पातळ द्रवांबाबत इशारा दिला, २०१५ साली ऑस्ट्रेलियातील चाचणीत १४० सोडियमचे द्रव मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांत, तर ७७ सोडियमचे द्रव मिळालेल्यांपैकी ११ टक्क्यांत सोडियम खाली गेल्याचे दिसले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २८ दिवस ते १८ वर्षे या वयोमर्यादेतील बहुतेक मुलांस योग्य ते पोटॅशियम व ग्लुकोज घातलेले रक्तसम द्रवच द्यावे अशी शिफारस केली. खुद्द हॉलिडे यांनीही उत्तरायुष्यात, रुग्णाची द्रवतूट प्रथम रक्तसम द्रवाने भरून मग निर्वाहाचे प्रमाण निम्म्यावर आणावे, असा पक्ष मांडला. नियमाच्या जनकानेच नियमाचा अंमल असा संकुचित करावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

यावर दोन परस्परविरुद्ध आक्षेप येतात. पहिला असा, की मग हा नियम टाकूनच का देऊ नये? याचे उत्तर हे, की नियम टाकल्याने अजमास टळत नाही. प्रत्येक डॉक्टर आपापल्या मनाने अंदाज करू लागतो, आणि अशा अंदाजांची चूक शोधणे अधिकच दुर्घट होते. ६२ हा आकडा समोर असतो म्हणूनच त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ताशी सुमारे ४१ मिलिलिटर, देण्याचा निर्णय समजून-उमजून घेता येतो. दुसरा आक्षेप असा, की रक्तसम द्रव आल्यावर चिंता उरली नाही. हेही खरे नव्हे. द्रव बदलल्याने सोडियम पुष्कळ सावरते, परंतु मूत्रपिंड जे बाहेर टाकत नाही ते फुप्फुसांत आणि त्वचेखाली साचावयाचे राहत नाही. द्रवाचा प्रकार आणि द्रवाचे प्रमाण हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, आणि एकाच्या शुद्धतेने दुसऱ्याची चूक झाकली जात नाही.

शिवाय या आकड्यात काय येते आणि काय येत नाही, हेही स्पष्ट असले पाहिजे. जुलाबांनी आधीच झालेली तूट, नळीवाटे अथवा उलटीवाटे चालू असलेला ऱ्हास, भाजलेल्या त्वचेतून झिरपणारे पाणी, यांपैकी काहीही त्यात धरलेले नाही. मूळ निबंधकर्त्यांनीच ही मर्यादा नमूद केली होती. उलट, प्रतिजैविके ज्या १०० मिलिलिटर सलाइनमधून दिली जातात ते दिवसातून तीनदा गेले तर ३०० मिलिलिटर होतात, आणि ते या आकड्यातून वजा करावे लागतात, हे मात्र उपचारपत्रकावर क्वचितच लिहिलेले आढळते. पहिल्या काही दिवसांतील नवजात, मूत्रपिंड बंद पडलेले मूल आणि हृदय दुर्बळ झालेले मूल यांच्यासाठी हा नियम नाहीच. आणि अतिस्थूल मुलात काट्यावरचे वजन न घेता उंचीस साजेसे वजन घेतले पाहिजे, कारण मेदास तितकी ऊर्जा अथवा तितके पाणी लागत नाही.

नियमाचे योग्य स्थान हे असे ठरते: अंदाजपत्रक वर्षारंभी मांडावे, परंतु कारभार प्रत्यक्ष जमाखर्चावरून चालवावा. म्हणून बालकक्षातील प्रत्येक डॉक्टरास आणि परिचारिकेस माझी विनंती आहे, की पत्रकावर ‘ताशी ६२’ असे लिहिताना त्याच ओळीत मुलाचे वजन, द्रवाचे नाव आणि संचाचे थेंबप्रमाण लिहावे; दर सकाळी त्याच काट्यावर वजन पुन्हा घ्यावे; शिरेवाटे द्रव चालू आहे तोवर सोडियम निदान दिवसातून एकदा पाहावे; मूत्र मोजावे; आणि चोवीस तासांनंतर तोच हुकूम पुढे चालू ठेवू नये, नवा लिहावा. मूल तोंडाने पिऊ लागले की सलाइन काढावे, कारण तहान मुलाच्या गरजेचा जितका विश्वसनीय हिशेब ठेवते, तितका कोणताही नियम ठेवू शकत नाही.